परताव्याचं पत्र: दोष ‘आला तेव्हाच’ होता

नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभी हिरवी रेघ दिसली, तर पत्रात संतापापेक्षा तारखा कामाला येतात. विक्रेत्याचा पहिला बचाव ठरलेला असतो: ‘वापरताना बिघडला असेल, सर्व्हिस सेंटरला न्या.’ म्हणून ऑर्डर क्रमांक, सिरीयल नंबर, पार्सल मिळाल्याची आणि दोष दिसल्याची तारीख-वेळ पहिल्याच परिच्छेदात लिहावी. सोबत फोनने काढलेला फोटो जोडावा. स्क्रीनशॉट नको, कारण पॅनेलचा दोष त्यात उमटतच नाही. ‘सॉफ्टवेअरचा घोळ असेल’ या शंकेलाही उत्तर आहे. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्येही रेघ दिसते आणि एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ येतं, म्हणजे बिघाड बहुधा पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा.

वॉरंटीतली दुरुस्ती ही उत्पादकाची जबाबदारी. तिच्याकडे बोट दाखवून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. ऑनलाइन विक्रेत्याने सदोष माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देऊ नये, असं २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात. ‘योग्य ती कारवाई करा’ असं मोघम लिहिलं की दुरुस्तीच पदरात पडते. ‘पूर्ण रक्कम परत करा’ असंच लिहा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.