आठ उत्तरपत्रिका, तीन पायऱ्या

टेबलावर आठ उत्तरपत्रिका पडल्या आहेत. त्यांचे रोल नंबर ५२, १७, ८८, ३४, ५, ७१, ४६, २९ असे आहेत आणि त्या क्रमाने लावायच्या आहेत. १९४५ साली गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकासाठी जी रीत मांडली, ती आज ‘मर्ज सॉर्ट’ म्हणून ओळखली जाते. ती आधी गठ्ठा फोडायला सांगते.

आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन, दोनाचा एकेक. फोडताना नंबर बघायचेच नाहीत. एकटी उत्तरपत्रिका आपोआपच क्रमात असते. खरं काम सुरू होतं ते परत जोडताना.

```
५२ १७ ८८ ३४  ५ ७१ ४६ २९
५२ १७ ८८ ३४ | ५ ७१ ४६ २९
५२ १७ | ८८ ३४ | ५ ७१ | ४६ २९
५२|१७|८८|३४|५|७१|४६|२९
१७ ५२ | ३४ ८८ | ५ ७१ | २९ ४६
१७ ३४ ५२ ८८ | ५ २९ ४६ ७१
५ १७ २९ ३४ ४६ ५२ ७१ ८८
```

शेवटची जोडणी जवळून पाहू. दोन्ही गठ्ठे क्रमात आहेत, त्यामुळे फक्त वरच्या दोन उत्तरपत्रिका ताडून पाहायच्या. १७ आणि ५ मध्ये ५ लहान, ती उचलली. मग १७ आणि २९ मध्ये १७. मग ३४ आणि २९ मध्ये २९. असं करत सात तुलनांत सात उत्तरपत्रिका लागतात आणि उरलेली ८८ तशीच खाली जाते. त्याआधी चाराच्या दोन गठ्ठ्यांसाठी तीन-तीन आणि जोड्यांसाठी एकेक अशा दहा तुलना झालेल्या असतात. एकूण १७. प्रत्येक उत्तरपत्रिका उरलेल्या प्रत्येकीशी ताडली असती, तर २८ झाल्या असत्या.

पातळ्या मोजताना मात्र विद्यार्थी हमखास अडखळतात. फोडणीच्या ओळी मोजल्या तर ८, ४, २, १ अशा चार येतात, पण फोडायची वेळ तीनदाच आली. जिन्याला चार मजले असले तरी मधले टप्पे तीनच. जोडण्याही तीनच पातळ्यांवर होतात, आणि श्रम तिथेच असल्यामुळे हिशेबात तीन हाच आकडा धरायचा. एक उरेपर्यंत संख्या किती वेळा निम्मी होते, एवढंच मोजायचं. निम्मी करताना अपूर्णांक आला तर मोठा भाग धरायचा: ९ चे ५, मग ३, मग २, मग १, म्हणजे चार पातळ्या.

एका पातळीवर सगळे गठ्ठे मिळून उत्तरपत्रिका आठच्या आठच असतात, म्हणून प्रत्येक पातळीचं काम आठाच्या आतबाहेर राहतं. दहा लाख नंबर असले तरी पातळ्या २० च होतात आणि तुलना दोन कोटींच्या आत आटोपतात. सगळ्या जोड्या ताडायच्या म्हटलं, तर हाच आकडा सुमारे ५०,००० कोटींवर जातो.

या वेगाची किंमत जागेत मोजावी लागते: जोडताना उचललेल्या उत्तरपत्रिका ठेवायला शेजारी आणखी एक रिकामं टेबल लागतं.