तीस दिवसांची किंमत

समजा, पुण्यातल्या आयटी कंपनीत तुमची नोटीस 90 दिवसांची आहे आणि नव्या कंपनीला तुम्ही साठाव्या दिवशी हवे आहात. आधी नेमणूकपत्र काढा. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, आणि ते ठरवायचा हक्क फक्त कंपनीचा आहे का, हे त्यात पाहा. पैसे बेसिकवर की एकूण पगारावर, हेही तिथेच कळतं. बेसिक 40 हजार आणि एकूण पगार एक लाख असेल, तर 30 दिवसांचा फरक साठ हजारांचा पडतो!

एचआरकडे जाण्याआधी मॅनेजरला गाठा. त्याला खरी चिंता तुमच्या कामाची असते. म्हणून कोणतं काम कुणाला, किती तारखेपर्यंत शिकवून देणार, हे कागदावर मांडून तारीख मागा. शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का, तेही विचारा. नव्या कंपनीकडून भरपाई मागता येते, पण ती बहुधा पगारात धरून करपात्र होते.

तोंडी होकारावर मात्र विसंबू नका. शेवटचा दिवस ईमेलवर आल्याशिवाय तिकडे तारीख कळवली, तर रिलिव्हिंग लेटर अडू शकतं.