पाऊचच्या मधोमध किती तापलं?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये फूड टेक्नॉलॉजीच्या एखाद्या कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून मला बोलावणं येतं. मुलं प्रोजेक्ट मांडतात, मी प्रश्न विचारते. यंदा एका गटाने मटकीची उसळ पाऊचमध्ये भरून आणली होती. गरम पाण्यात ठेवा, फोडा, खा. पाकिटावर ‘१२ महिने टिकते’ असं छापलेलं. त्यांनी ती वाढलीही. गोडा मसाला बेताचा, मटकी मोडलेली नव्हती. मी खाल्ली नाही. आधी प्रश्न, मग उसळ, असा माझा नियम आहे.

पहिला प्रश्न नेहमीचा: शिजवलेली उसळ खराब नेमकी कशाने होते? “जिवाणूंनी,” एकीने सांगितलं. बरोबर, पण कोणत्या? उकळीने बहुतेक जिवाणू मरतात. काही मात्र तग धरण्यासाठी बीजाणू करतात, म्हणजे कवचात बंद होऊन निपचित पडून राहतात. यातला सगळ्यात धोक्याचा ‘क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम’. तो मातीत असतो, त्यामुळे कडधान्यावर, लसणावर, बटाट्यावर येऊ शकतो. त्याला हवा चालत नाही. हवा काढून सील केलेलं पाऊच म्हणजे आपण त्याला हाताने बांधून दिलेलं घर. त्याचं विष नसांवर जातं आणि श्वास थांबवू शकतं. आंबट पदार्थात तो वाढत नाही, पीएच ४.६ ही त्याची सीमा मानतात. म्हणून लोणच्याची आणि आमरसाची गोष्ट वेगळी. उसळ या सीमेच्या बरीच वर असते, आणि चवीपुरत्या आमसुलाने ती खाली येत नाही.

मग हे बीजाणू मारायचे कसे? एस्टी आणि मेयर या दोघांनी १९२२ साली कॅलिफोर्नियात ते मोजून काढलं. नुसत्या उकळत्या पाण्याच्या तापमानाला, १०० अंशांवर, खात्री द्यायची तर साडेपाच तास लागतात. साडेपाच तासांत उसळीचं पिठलं होईल. १२१ अंशांवर तेच काम अडीच मिनिटांत होतं. म्हणून रिटॉर्ट लागतो. रिटॉर्ट म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, फक्त त्याला तापमान आणि दाबाची नोंद ठेवणारी यंत्रणा असते.

हे अडीच मिनिट आलं कुठून, हा माझा आवडता प्रश्न. १२१ अंशांवर दर ०.२१ मिनिटाला, म्हणजे साधारण तेरा सेकंदांना, दहातले नऊ बीजाणू मरतात. हजाराचे शंभर होतात, शंभराचे दहा, दहाचा एक. पुढे? एकाचा ०.१, म्हणजे दहा पाऊचमध्ये मिळून एक. संख्या शून्य कधीच होत नाही, शक्यता तेवढी विरळ होत जाते. धंद्याने ठरवलं की अशा बारा पायऱ्या उतरायच्या. ०.२१ गुणिले १२ म्हणजे २.५२ मिनिटं. प्रत्येक पाऊचमध्ये एक बीजाणू धरला, तरी एक लाख कोटी पाऊचमध्ये एखादा उरेल. याला सुरक्षिततेची मर्यादा म्हणतात.

“आम्ही तर १२१ वर पंधरा मिनिटं ठेवलं,” गटातला मुलगा म्हणाला. आवाजात थोडा विजय होता.

“काय ठेवलंस?”

“रिटॉर्ट, मॅडम.”

इथे बहुतेक गट अडखळतात. १२१ अंश होते वाफेला. उसळीच्या मधोमध किती होते? घट्ट रश्श्यात उष्णता कडेकडून हळूहळू आत जाते, जाडजूड पांघरुणातून ऊब जावी तशी. सुदैवाने त्यांनी एका पाऊचच्या मध्यभागी थर्मोकपलची सुई बसवली होती, म्हणून हिशेब करता आला. नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी असलं तर मारण्याचा वेग दहापट कमी होतो. त्यांच्या आलेखात पाऊचचा मध्य पाच मिनिटं १११ अंशांच्या आसपास होता. त्या पाच मिनिटांची किंमत १२१ अंशांवरच्या अर्ध्या मिनिटाएवढीच. मग चार मिनिटं ११६ अंश: सव्वा मिनिट. शेवटची दोन मिनिटं ११९ अंश: आणखी सव्वा. एकूण तीन. म्हणजे पंधरा मिनिटांतून हाती आली तीन, आणि मधोमध १२१ एकदाही झालं नव्हतं. तरी २.५२ च्या पुढे होते, म्हणून पास.

पण हे एका पाऊचचं झालं. ते दीड सेंटिमीटर जाड होतं. भरणाऱ्याने डावभर जास्त घातलं आणि जाडी दोन सेंटिमीटर झाली तर? तापायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. तीनातलं फारसं काही उरणार नाही. म्हणून कारखान्यात पाऊच पट्ट्यांच्या तबकात दाबून ठेवतात, आणि आत हवा किती राहिली तेही पाहतात, कारण हवेचा बुडबुडा उष्णता अडवतो.

आता ‘१२ महिने’. त्यांनी काही पाऊच ४० अंशांवर तीन महिने ठेवले, मग चव, रंग पाहिला आणि गुणाकार करून वर्ष काढलं. ही पद्धत चालते, पण ती सांगते की तेल खवट कधी होईल, मसाल्याचा रंग कधी उतरेल. उसळ सुरक्षित आहे की नाही, हे ती सांगत नाही. सुरक्षिततेसाठी त्यांनी दहा पाऊच ३७ अंशांवर चौदा दिवस ठेवले, एकही फुगलं नाही.

“समजा हजारात एक पाऊच खराब आहे. दहा तपासून ते सापडण्याची शक्यता किती?” फळ्यावर आकडेमोड झाली. शंभरात एक. म्हणजे नव्व्याण्णव वेळा तुम्ही निश्चिंत घरी जाल. चौदा दिवसांची कसोटी फसलेली सील आणि ढोबळ चुका पकडते. बारा पायऱ्या उतरलात की नाही, हे पाऊच फोडून कळत नाही. ते कळतं त्या सुईच्या नोंदीतून.

शेवटचा प्रश्न मी जवळजवळ सगळ्यांना विचारते: शिजल्यापासून रिटॉर्टमध्ये जाईपर्यंत उसळ किती वेळ बाहेर होती? “साडेतीन-चार तास,” मुलगी म्हणाली, “पॅकिंग मशीन बिघडलं होतं.” कोमट उसळ ‘बॅसिलस सेरियस’ला फार आवडते. चांगल्या परिस्थितीत तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. त्याचे बीजाणू उकळीतून वाचलेले असतात. रिटॉर्ट जिवाणू मारील, पण त्याने आधी सोडलेलं उलटीचं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी मोडत नाही. अशा पाऊचचा कागदावरचा हिशेब चोख असेल आणि खाणारा तासाभरात ओकत असेल.

माझ्या मते हा धोका पुस्तकात एका ओळीत उरकतात, आणि छोट्या उद्योगात तोच जास्त होतो, कारण मशीन बिघडतंच.

उठण्याआधी मी थर्मोकपल मागितलं. शेजारच्या कँटीनमधून बर्फ आणला, भांड्यात चुरा केला, थोडं पाणी घातलं, सुई बुडवली. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं. दीड दिसलं. वरच्या तापमानाला किती चुकतं ते वेगळं तपासावं लागेल, पण तेवढंच जास्त दाखवत असेल, तर खरं तापमान प्रत्येक ठिकाणी दीड अंशाने कमी होतं. मुलाने खाली बसून पुन्हा हिशेब केला. तीनचे २.१ झाले.

वाढलेल्या ताटल्या कुणी न सांगता उचलल्या.