शेवट कोणी कापला?

त्र्यंबकेश्वरच्या आमच्या वर्गात मुलांनी मोबाईलवर एक खेळ चित्रित केला. एक मुलगा दुसऱ्याला ओढून नेतो, शेवटी दोघे हसतात. एका गटाने हसण्याचा भाग कापला. दुसऱ्या गटाने फेरफार शोधायचा होता. सावल्या, आवाज तपासूनही काही सापडेना, कारण उरलेले चित्रण खरेच होते. फक्त ते मध्येच तुटत होते. मूळ चित्रण पाहिले तेव्हाच उलगडा झाला.

२०१८ साली मुले पळवणाऱ्यांची म्हणून देशभर फिरलेली चित्रफीत कराचीतील जनजागृतीपटाचा असाच कापलेला तुकडा होती. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवल्याच्या अफवेने पाच निरपराधांचा जीव घेतला.

आता आमची मुले आधी विचारतात, "पुढे काय झालं?"