लिटरमागे किती सुटतात?

उन्हाळा लागला की म्हशी दूध आखडतात. बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात, त्यामुळे चैत्र-वैशाखात त्यातल्या बऱ्याच आटायला आलेल्या असतात. हिरवा चारा संपलेला असतो आणि उन्हाचा तापही असतो. नेमक्या याच दिवसांत गुढीपाडवा आणि लग्नसराई येते. दूध कमी आणि मागणी जास्त, अशा वेळी हाती असलेल्या दुधाचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक लहान डेअरीला पडतो.

तालुक्याच्या गावातली अशी एक डेअरी डोळ्यांसमोर आणू. पुढचे भाव आणि प्रमाणं हिशेब कळावा म्हणून धरलेली आहेत. डेअरीत रोज ३०० लिटर म्हशीचं दूध येतं, ६० रुपये लिटरने. त्यापेक्षा जास्त मिळत नाही. माल तीन प्रकारचा होतो: पेढे, पनीर आणि श्रीखंड. रोज ३० किलो पेढे, ४० किलो पनीर आणि ८० किलो श्रीखंड खपेल एवढी मागणी आहे.

मालकीणबाई आधी किलोमागे किती सुटतात ते बघतात. किलोभर पेढ्यांना ४ लिटर दूध लागतं, म्हणजे २४० रुपये. साखर, वेलची, गॅस, खोका यांचे ८० रुपये. पेढे ४४० रुपये किलोने जातात, म्हणजे सुटले १२०. पनीरला किलोमागे ५ लिटर दूध, ३०० रुपये. वरचा खर्च २० आणि भाव ४००, म्हणजे सुटले ८०. श्रीखंडाला किलोमागे दीड लिटरच दूध लागतं, ९० रुपयांचं. साखर, केशर, डबा मिळून ४० आणि भाव १९०. सुटले ६०.

विक्रीच्या भावातून फक्त त्या मालापायी वाढणारा खर्च वजा करून जे उरतं, त्याला हिशेबनीस कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. यात जागेचं भाडं आणि कामगारांचे महिन्याचे पगार धरलेले नाहीत, आणि ते मुद्दामच. पेढे केले काय किंवा श्रीखंड केलं काय, भाडं तेवढंच द्यायचं आहे. ते किलोकिलोवर वाटत बसलं तर प्रत्येक मालाचा ‘नफा’ वेगळाच दिसू लागतो, आणि आज काय करायचं हे ठरवायला त्याचा काही उपयोग होत नाही.

१२०, ८०, ६०. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की आधी पेढे, मग पनीर आणि दूध उरलंच तर श्रीखंड. तसं केलं तर ३० किलो पेढ्यांना १२० लिटर जातं. उरलेल्या १८० लिटरचं ३६ किलो पनीर होतं आणि श्रीखंडाला थेंबभरही दूध उरत नाही. दिवसाकाठी सुटतात ३६०० आणि २८८०, म्हणजे ६४८० रुपये.

चूक ‘किलोमागे’ या शब्दात आहे. डेअरीला तुटवडा किलोंचा नाही, दुधाचा आहे. मग विचारायचं ते हे, की एका लिटरमागे किती सुटतात? पेढ्यांचे १२० रुपये ४ लिटरवर वाटले की लिटरमागे ३० येतात. पनीरचे ८० पाच लिटरवर वाटले की जेमतेम १६. आणि श्रीखंडाचे ६० दीड लिटरवर वाटले की ४०! तळाचा माल वर आला. कारणही साधं आहे. श्रीखंडाच्या वजनात मोठा वाटा साखरेचा असतो, म्हणून थोड्या दुधात किलो भरतो. पनीरला दूध नासवून बरंचसं निवळीत सोडून द्यावं लागतं.

आता क्रम लावू. आधी श्रीखंड, मागणी असेल तेवढं: ८० किलो, १२० लिटर. मग पेढे, ३० किलो, आणखी १२० लिटर. उरलेल्या ६० लिटरचं १२ किलो पनीर. सुटतात ४८००, ३६०० आणि ९६०, म्हणजे ९३६० रुपये. दूध तेवढंच, कामगार तेच, भाव तेच, आणि दिवसाला २८८० रुपये जास्त.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. शेजारच्या गावातला गवळी ७० रुपये लिटरने जास्तीचं दूध द्यायला तयार आहे. घ्यावं का? श्रीखंडावर लिटरमागे ४० सुटतात म्हणून शंभर रुपये भावही परवडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण श्रीखंडाची मागणी तर आधीच भागली आहे. नवं दूध जाणार पनीरला, आणि तिथे सुटतात १६. म्हणून वरच्या लिटरला ६० अधिक १६, म्हणजे ७६ रुपयांपर्यंतच मोजावेत. ७० ला घेतलं तर लिटरमागे ६ रुपये पदरात पडतील, तेही पनीरची उरलेली २८ किलोंची मागणी भागेपर्यंत, म्हणजे १४० लिटरपर्यंत. त्यापुढचं दूध घेऊन करायचं काय?

हिवाळ्यात चित्र पालटतं. दूध भरपूर येतं, पण भट्टी एकच आहे आणि ती दिवसात १० तासच चालते. खवा आटवत बसावं लागतं, म्हणून किलोभर पेढ्यांना भट्टीची १० मिनिटं धरू. पनीरचं दूध नुसतं तापवायचं असतं, त्याला ४ मिनिटं. आता अडतंय ते मिनिटांवर, तर भागाकारही मिनिटांनीच करायचा. पेढ्यांवर मिनिटाला १२ रुपये सुटतात, पनीरवर २०. उन्हाळ्यात शेवटी असलेलं पनीर पेढ्यांच्या पुढे गेलं. ‘सर्वांत फायद्याचा माल’ असा कायमचा कोणताच नसतो. संध्याकाळी आधी काय संपलं, दूध की भट्टीचा वेळ, हे पाहूनच क्रम लावावा लागतो. ऑर्डर अपुरी राहिली आणि तरी कॅनमध्ये दूध शिल्लक आहे, तर तुटवडा दुधाचा नाही हे ओळखावं.

दूध आणि भट्टी एकाच वेळी अपुरी पडू लागली की मात्र हा साधा भागाकार पुरत नाही. एकाच्या हिशेबाने पेढे पुढे येतात, दुसऱ्याच्या हिशेबाने पनीर. १९३९ मध्ये सोव्हिएत गणिती लिओनिद कान्तोरोविच यांनी असाच गुंता सोडवण्याची रीत मांडली. प्लायवूडच्या कारखान्यात कोणत्या यंत्रावर कोणतं काम द्यावं, या प्रश्नातून ती निघाली होती. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आज ते गणित संगणकावरची स्प्रेडशीटही करून देते.

मालकीणबाईंची अडचण वेगळी आहे. गावातल्या हॉटेलवाल्याला त्यांनी रोज २० किलो पनीरचा शब्द दिला आहे. नव्या क्रमात पनीर होतं फक्त १२ किलो. शब्द पाळायचा तर आणखी ८ किलोंसाठी ४० लिटर दूध पेढ्यांकडून काढून घ्यावं लागेल. त्याने १० किलो पेढे कमी होतील, १२०० रुपये जातील. पनीरमधून ६४० परत येतील. घाटा रोज ५६० रुपयांचा. एवढा सोसून वर्षभराचं गिऱ्हाईक राखायचं की नाही, हे हिशेबाची वही सांगत नाही. पण आजवर ‘जुनं गिऱ्हाईक आहे’ एवढंच ठाऊक होतं. आता ते उन्हाळ्यात रोज कितीला पडतं, हे बाईंना ठाऊक आहे. भावाची बोलणी करायला बसताना तेवढं पुरतं.