मँटलपीसवरची बाटली

काल क्विझमध्ये विधान आलं: ‘डाउनटन ॲबी’च्या एका भागात प्लास्टिकची पाण्याची बाटली दिसते. चूक की बरोबर? सगळे ‘बरोबर’ म्हणाले. मी अडलो.

बाटली होती, हे खरं. पाचव्या सीझनचं कथानक 1924चं आणि पीईटी बाटलीचं पेटंट 1973चं, म्हणजे कालविसंगतीही पक्की. पण ती दिसली ऑगस्ट 2014मध्ये आलेल्या प्रसिद्धीच्या फोटोत: पुढे ह्यू बॉनव्हिल आणि लॉरा कारमायकेल ऐटीत उभे, मागे मँटलपीसवर बाटली! फोटो लगेच काढून टाकला गेला, नंतर कलाकारांनी हातात बाटल्या धरून वॉटरएडसाठी मजेत फोटोही काढला. (हे मला फार आवडलं.)

प्रश्नात ‘फोटोत’ असतं तर गुण दिले असते. ‘भागात’ म्हटलंय, म्हणून चूक.