फी सारखी, भार दुप्पट

खेड्यातली मुलं शाळेवरच भागवतात, शिकवणी लावतात ती शहरातली, असं आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या 2025 च्या नमुना पाहणीत मात्र वेगळं दिसतं. देशात शहरांतले 30.7 टक्के विद्यार्थी शिकवणीला जातात आणि ग्रामीण भागातले 25.5 टक्के. हे अंतर फार नाही. खरा फरक खर्चात आहे. अकरावी-बारावीला शिकवणीवर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी शहरात 9,950 रुपये जातात, तर ग्रामीण भागात 4,548. शिकवणी न लावणारेही या सरासरीत धरलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष फी भरणाऱ्या घरचा आकडा याहून बराच मोठा असतो.

हा फरक कसा तयार होतो, हे पाहायला लातूरसारखं दुसरं ठिकाण नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे गाजलेलं हे शहर आता ‘नीट’च्या क्लासेससाठी ओळखलं जातं. औशाजवळच्या एखाद्या गावातलं शेतकरी कुटुंब डोळ्यासमोर आणा. पाच एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटल उतारा आणि साडेचार हजारांचा भाव धरला, तर हाती दीड लाखाच्या आसपास येतात. बी-बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा जाता निम्मे उरले तरी पुष्कळ. आता मुलीचा खर्च मांडू. क्लासची फी 80 हजार धरली, त्यावर कॉटबेसिसची खोली आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार, म्हणजे दहा महिन्यांचे 55 हजार. बेरीज 1 लाख 35 हजार. आकडे अंदाजाचे आहेत, पण हिशेबाची रीत हीच. पुण्यातली मुलगी तेवढीच फी भरते आणि रात्री घरी जेवते. गावाकडच्या घराला फीबरोबर अंतराचेही पैसे मोजावे लागतात. मुलीला एकटीला कसं ठेवायचं, म्हणून कधी आई तिच्याबरोबर खोली करून राहते. मग शेतातले दोन हात कमी होतात आणि त्या जागी मजूर लावावा लागतो.

पैशाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. शहरात आठवीपासून ‘फाउंडेशन’ची बॅच मिळते. गावातली मुलगी दहावीच्या निकालानंतर या स्पर्धेत उतरते. परीक्षा 180 मिनिटांत 180 प्रश्नांची, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. इथे समज लागतेच, पण वेग आणि कोणता प्रश्न सोडायचा याचा सरावही लागतो, आणि तो महिनोन्महिने टेस्ट सिरीज सोडवूनच येतो. पहिल्या वर्षी जमलं नाही तर ‘रिपीट’चं वर्ष. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने 2021 मध्ये दाखवून दिलं की ‘नीट’ आल्यावर वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा बसलेल्यांचा वाटा फार वाढला. एक वर्ष कमाईविना थांबणं ज्याला परवडतं, त्यालाच ही दुसरी संधी खरी.

तिसरा परिणाम मागे राहिलेल्यांवर होतो. अनेक कनिष्ठ महाविद्यालयं क्लासशी ‘टाय-अप’ करतात. मुलाचं नाव कॉलेजच्या पटावर असतं आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. 2018 मध्ये राज्याने विज्ञान शाखेसाठी मोठ्या शहरांच्या विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच कारणाने. पण हजेरी यंत्रावर लागली म्हणून वर्ग भरतोच असं नाही. फी भरू शकणारी मुलं वर्गातून उठून गेली की कॉलेजला जाब विचारणारे पालकही त्यांच्याबरोबर जातात. मग रसायनशास्त्राची जागा वर्षभर रिकामी राहिली, प्रयोग वहीतच उरकले, तरी कोणी ओरडत नाही. ज्यांना दुसरा पर्याय नाही, त्यांच्या वाट्याला हे कॉलेज येतं.

केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं सांगितलं. पण जागा मोजक्या आणि निवड क्रमांकावर असेल, तर दाराला कुलूप लावून मागणी कमी होत नाही. ती घरगुती बॅचमध्ये नाहीतर ऑनलाइन वळते. तामिळनाडूने 2020 मध्ये निवडीच्याच पायरीला हात घातला. सरकारी शाळांत शिकून ‘नीट’ पास झालेल्यांना वैद्यकीय जागांपैकी 7.5 टक्के जागा राखून ठेवल्या. त्याने शिकवणी बंद होत नाही, पण सरकारी शाळेतल्या मुलाची तुलना सरकारी शाळेतल्या मुलाशी होते. मात्र राखीव जागा मिळाल्याने तालुक्याच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची जागा भरत नाही. ती भरली नाही, तर औशाची मुलगी लातूरला जाणारच, आणि तिच्या मागे राहणारी मैत्रीण परीक्षेला बसण्याआधीच मागे पडलेली असणार.